एकाच दिवशी न झालेले बंड

पारनेरच्या पठारावरून दोन दिशांना दोन वेगळे मुलूख लागतात. पूर्व-दक्षिणेला सुप्यावरून पुणे-नगर रस्ता जातो. सरकारी पलटणी, तोफा आणि टपाल यांचा तो हमरस्ता होता. वायव्येला टाकळी ढोकेश्वर मागे टाकून मुळेचे खोरे ओलांडले की अकोले-संगमनेरचा डोंगराळ भाग सुरू होतो. तिथे भिल्ल आणि महादेव कोळी यांची वस्ती, आणि सरकारचा अंमल डोंगराच्या पायथ्यापर्यंतच खरा. १८५७ साली पहिल्या रस्त्यावरून कंपनीचे सैन्य बंड मोडायला निघाले, आणि दुसऱ्या मुलुखात त्याच वर्षी बंड पेटले. मधल्या पारनेर-श्रीगोंद्याच्या सपाटीवर मात्र शेतकऱ्याने औत सोडले नाही. हा मधला शांत पट्टाच मला महत्त्वाचा वाटतो. शिपायांचे बंड का फसले याची उत्तरे दिल्ली, कानपूर आणि लखनौ इथे शोधली जातात. तिथे काय झाले हे त्यातून कळते. पण बंड मोडणारे बळ कुठून आले आणि ते मोकळे कसे राहिले, हे दख्खनेत पाहिल्याशिवाय समजत नाही. माझे म्हणणे असे आहे की दख्खनेत असंतोष उत्तरेपेक्षा कमी नव्हता. शिपाई, संस्थानिक, इनामदार आणि डोंगरातले लोक हे सगळेच कधी ना कधी उठले, पण ते वेगवेगळ्या महिन्यांत आणि एकमेकांवाचून उठले.

आधी बंड पेटले कसे ते पाहू, कारण ज्या गोष्टीने ते उत्तरेत पेटले ती इकडे नव्हती. १८५७ च्या आरंभी कंपनीच्या तिन्ही इलाख्यांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास देशी शिपाई होते आणि गोरे सैनिक सुमारे चाळीस-पंचेचाळीस हजार. देशी शिपायांतला निम्म्याहून मोठा भाग बंगाल लष्करात होता. या लष्कराचा कणा म्हणजे अवध आणि भोवतालच्या जिल्ह्यांतले ब्राह्मण-राजपूत शेतकरी. शिपाई छावणीत असला तरी भाऊबंद गावी शेती करत. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवधचे राज्य खालसा केले, त्याच वेळी त्या शेतीवरचा सारा आणि गावातली जुनी पत दोन्ही धोक्यात आली. शिवाय परमुलुखात चाकरीचा जो भत्ता शिपायाला मिळे, तो मुलूख खालसा झाला की बंद होई. म्हणजे ज्या लढाया शिपायाने जिंकून दिल्या, त्यांचे फळ त्याच्याच पगारातून कापले जाई. त्याच वर्षी नवा नियम आला की यापुढे भरती होणाऱ्याने समुद्रापलीकडेही जायची तयारी ठेवावी. बढती ज्येष्ठतेने होत असल्यामुळे जमादार होईपर्यंत केस पांढरे होत. अशा लष्करात गाईच्या आणि डुकराच्या चरबीच्या काडतुसांची वार्ता पसरली.

काडतूस हे निमित्त होते की कारण, हा वाद जुना आहे. मेरठची हकिकत नीट पाहिली तर उत्तर सापडते. २४ एप्रिल १८५७ रोजी तिसऱ्या घोडदळ पलटणीच्या कर्नल कार्मायकल स्मिथने नव्वद निवडक स्वारांना कवायतीला बोलावले. त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसे जुन्याच पद्धतीची होती आणि ती दातांऐवजी हाताने फाडावीत अशी सोयही त्याने करून दिली होती. म्हणजे धर्म बुडेल असे त्या काडतुसात काही नव्हते. तरी नव्वदांपैकी पंच्याऐंशी जणांनी ती हातात घ्यायला नकार दिला. घेतले तर बाकीची पलटण आपल्याला वाळीत टाकील, ही त्यांची भीती होती. हा नकार काडतुसाला नव्हता. सरकारच्या शब्दावरचा विश्वास संपला होता. ९ मेला सगळ्या छावणीसमोर त्यांचे गणवेश उतरवून पायांत बेड्या ठोकल्या. हे काम तासाहून जास्त वेळ चालले. वर्षानुवर्षे नोकरी केलेली माणसे सोबत्यांना नावाने हाका मारत तुरुंगाकडे गेली. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मेरठ पेटले, आणि ११ मेच्या सकाळी स्वार दिल्लीच्या दारात होते. तिथे म्हातारा बहादूरशहा बादशहा होता. त्याच्या नावाने लढायचे ठरताच छावणीतल्या बंडाला राज्याचे रूप आले. अवधात त्यापुढची पायरी गाठली गेली. शिपायाची पलटण, त्याच्या गावचा शेतकरी आणि राज्य गेलेला तालुकदार हे तिघे एकाच कारणासाठी, एकाच उन्हाळ्यात उभे राहिले. म्हणून तिथले बंड मोडायला कंपनीला दीड वर्ष लागले.

आता पुणे-नगर रस्त्याकडे वळू. दिल्लीची बातमी तारेने मुंबईला पोचली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या हाताशी गोरे सैन्य फार थोडे होते. इराणची मोहीम नुकतीच संपल्याने तिकडच्या पलटणी परतत होत्या, त्या त्यांनी कलकत्त्याकडे रवाना केल्या. आणि जून १८५७ मध्ये पुण्याहून जनरल वुडबर्न याच्या हाताखाली एक फौज महूकडे धाडली. तिच्यात चौदाव्या ड्रॅगून पलटणीचे गोरे स्वार होते, तोफा होत्या, आणि मुंबई लष्कराची पंचविसावी देशी पलटणही होती. नगरमार्गे जाताना औरंगाबादेतून वार्ता आली की निजामाच्या कंटिंजंटचे पहिले घोडदळ बिथरले आहे. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेतात अशी त्या स्वारांची समजूत झाली होती आणि ती करायची त्यांची तयारी नव्हती. फौज तिकडे वळली. औरंगाबादेत हत्यारे काढून घेणे, चौकश्या, फाशी आणि तोफेच्या तोंडी देणे यांत वुडबर्न अडकला. एल्फिन्स्टन पुढे जाण्याचा तगादा लावत होते. तेवढ्यात १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि महूची छावणी उठली. एका घोडदळाने, फारसे न लढता, कंपनीच्या फौजेचे काही आठवडे खाल्ले आणि माळव्यात बंडाला जागा करून दिली. दख्खनेतली छोटीशी हालचालही किती जड पडू शकली असती, याचा हा पुरावा आहे. अशा दोन-चार हालचाली एकाच आठवड्यात झाल्या असत्या तर वुडबर्नची फौज पुणे सोडूच शकली नसती.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. मुंबई लष्कर एकनिष्ठ होते, म्हणून इकडे बंड झाले नाही, असे. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. मुंबई लष्करात कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, मुसलमान, परदेशी असे सगळे एकाच रांगेत उभे राहत आणि बढती गुणावर मिळे, त्यामुळे जातीची म्हणून वेगळी संघटना पलटणीत घट्ट होत नसे. अवध खालसा झाल्याचे दुःख रत्नागिरीच्या शिपायाला होण्याचे कारण नव्हते. त्याच्या गावची जमीन रयतवारी पद्धतीची, सारा थेट सरकारात. पेशवाई परत येईल या आशेने लढावे, असे महार शिपायाला तर वाटण्यासारखे काहीच नव्हते. एवढे मान्य केले तरी एकनिष्ठेचा सिद्धांत टिकत नाही, कारण याच लष्करातली सत्ताविसावी पलटण कोल्हापुरात ३१ जुलैच्या रात्री उठली. कराचीत एकविसाव्या पलटणीचा कट सप्टेंबरमध्ये उघडकीस आला आणि त्याच सुमारास अहमदाबादेतही शिपायांची कुजबुज पकडली गेली. ऑक्टोबरात खुद्द मुंबईत, दिवाळीच्या दिवसांत उठण्याचा बेत पोलीस अधिकारी फॉर्जेट याने वेषांतर करून ऐकला आणि दोघांना तोफेच्या तोंडी दिले. एकाच घडणीच्या लष्करात काही पलटणी उठतात आणि काही उठत नाहीत, तेव्हा कारण घडणीत शोधून भागत नाही. ते त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीत आणि वेळेत शोधावे लागते.

कोल्हापूरची गोष्ट या मुद्द्यावर सर्वांत बोलकी आहे, म्हणून तिथे जरा थांबू. सत्ताविसाव्या पलटणीची पत्रे धारवाड आणि बेळगावच्या छावण्यांत जात होती. तिन्ही पलटणींनी एकदम उठावे असा घाट होता. पण कोल्हापूरचे शिपाई रामजी शिरसाट याच्या पुढाकाराने आधीच उठले. पलटणीतले सगळे त्यांच्याबरोबर गेले नाहीत. दोनशेच्या आसपास शिपाई बाहेर पडले आणि पळून निघालेले तीन तरुण गोरे अधिकारी मारले गेले. मग हे शिपाई शहराकडे आले आणि त्यांना वेशी बंद मिळाल्या. शहर त्यांच्यासाठी उघडले नाही. काहीजण कोकणच्या जंगलात उतरले. काहींनी शहराजवळच्या पागेत ठाण मांडले. साताऱ्याहून दौडत आलेल्या लेफ्टनंट केरच्या स्वारांनी त्यांना तिथे गाठून मारले. ऑगस्टच्या मध्यावर कर्नल जेकब आला आणि त्याने उरलेल्या पलटणीची हत्यारे उतरवून घेतली. धारवाड-बेळगाव हलले नाहीत. हे संपल्यावर चार महिन्यांनी, ६ डिसेंबरच्या सुमारास, त्याच शहराने त्याच वेशी बंद केल्या, या वेळी इंग्रजांवर. महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्याभोवती लोक जमले होते. पण शहर उठले तेव्हा आत एकही पलटण नव्हती. जेकबने तोफेने वेस फोडली, त्याच दिवशी प्रकरण आटोपले आणि चिमासाहेबांची रवानगी कराचीला झाली. तिथेच ते पुढे वारले. जुलैअखेरचे शिपाई आणि डिसेंबरमधले शहर जर एकाच रात्री उठले असते, तर जेकबकडे जी फौज होती तिने काय केले असते, याचा अंदाज वाचकाने करावा. हे शहर नेभळट किंवा गद्दार नव्हते, तसे असते तर डिसेंबर झालाच नसता. ऑगस्टमध्ये त्या शिपायांशी शहराचे नाते नव्हते, इतकेच. पलटणीतले बरेचसे परदेशी होते, त्यांच्या घरचे कोणी कोल्हापुरात राहत नव्हते. अवधात पलटण उठली की शिपाई आपल्या गावी जाई. कोल्हापुरात पलटण उठली तेव्हा शिपायांना जायला जंगल होते.

साताऱ्याचेही असेच झाले. तिथले राज्य १८४८ साली खालसा झालेले. त्या राज्यासाठी लंडनला जाऊन चौदा वर्षे अर्ज-विनंत्या करून परतलेले रंगो बापूजी गुप्ते यांनी पुन्हा माणसे गोळा केली होती. अर्ज आणि कायदा यांवर ज्याने आयुष्य घालवले तोच अखेरीस बंडाकडे वळला. पण कट जूनमध्येच फुटला, कोल्हापूरच्या पलटणीच्या आधी. रंगो बापूजी निसटले. त्यांच्या मुलासह सतरा जणांना ८ सप्टेंबरला साताऱ्यात गेंडामाळावर मारण्यात आले, कोणी फाशी तर कोणी तोफेच्या तोंडी. दक्षिणेकडे इनाम कमिशनने जुन्या सनदा तपासून इनामदारांची झोप उडवली होती. त्यांचा संताप खरा होता. पण नरगुंदच्या भास्करराव भाव्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याला मारले ते मे १८५८ च्या अखेरीस, म्हणजे दिल्ली पडून आठ महिने आणि झाशी पडून दोन महिने झाल्यावर. दोन आठवड्यांत तेही फासावर गेले. जून, जुलै, ऑक्टोबर, डिसेंबर आणि मे असे वेगवेगळे दिवस या उठावांनी निवडले. एक ठिकाण शांत झाल्यावर दुसरे पेटत होते आणि सरकार तीच थोडी फौज, त्याच तोफा आणि तेच दोन-चार कर्तबगार अधिकारी एकीकडून दुसरीकडे नेत होते.

यातला ऑक्टोबर आपल्या भागाचा आहे. भागोजी नाईक हा सिन्नरच्या बाजूचा भिल्ल नगर जिल्ह्याच्या पोलिसांत अंमलदार होता. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपावरून त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. १८५७ च्या पावसाळ्यानंतर त्याने गाव सोडले आणि पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नांदूर शिंगोट्याच्या जवळ पन्नासएक भिल्ल घेऊन बसला. ४ ऑक्टोबरच्या सकाळी पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री तिथे पोचला. त्याच्या आधी मामलेदारांनी निरोप धाडून भागोजीला परत बोलावले होते. त्याचे उत्तर असे होते की दोन वर्षांचा पगार द्या आणि पोटापाण्याची सोय करा, मग येतो. हेन्रीने घासाघीस केली नाही. तीसएक पोलीस आणि काही मुलकी शिपाई घेऊन तो गावाबाहेरच्या खडकाळ ओहोळाकडे चालून गेला. दगडांआडून गोळ्या सुटल्या आणि हेन्री तिथेच पडला.

भागोजीच्या त्या उत्तराकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. मला ते महत्त्वाचे वाटते. बादशहा, पेशवा, धर्म यांतले त्यात काही नाही. बुडालेला पगार आणि उपजीविका, एवढेच त्याने मागितले. बंगालच्या शिपायाची भत्त्याची तक्रार आणि नगरच्या बडतर्फ पोलिसाची ही मागणी एकाच जातीची होती. दोघेही सरकारी चाकर, दोघांनी सरकारसाठी हत्यार धरलेले, आणि सरकार आपल्याला वापरून टाकून देते हा दोघांचा अनुभव. पण नगरच्या छावणीतल्या शिपायाला भागोजी हा आपला माणूस कधी वाटला नाही, आणि भागोजीने छावणीकडे माणूस धाडल्याचेही दिसत नाही. हेन्री पडल्यावर भिल्लांना धीर आला. राहुरीच्या बाजूला पाथर्जी नाईक नावाच्या एकाने शंभरएक माणसे जमवली, पण ती लवकरच पांगवली गेली. राहुरी म्हणजे मुळेच्या खोऱ्यातला, पारनेरला लागून असलेला मुलूख. १८ ऑक्टोबरला अकोल्याकडे समशेरपूरच्या डोंगरात दुसरी चकमक झाली, तिच्यात दोन गोरे अधिकारी जखमी झाले. ही लढाई पुढे दोन वर्षे डोंगरातच फिरत राहिली आणि सपाटीवर कधीच उतरली नाही.

सपाटी का उठली नाही, याला दुसरा आक्षेप म्हणून असे सांगतात की पारनेर, श्रीगोंदे, कर्जत इकडचा कुणबी सुखी होता, सारा-धारा नुकताच कमी झाला होता. पाहणी करून नवी धारेबंदी १८५० च्या आसपास नगर जिल्ह्यात झाली आणि आधीच्या अव्वाच्या सव्वा दरांपेक्षा ती सौम्य होती, हे खरे. पण सुखी म्हणणे धाडसाचे आहे. याच गावांनी १८७५ मध्ये सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे मागितले आणि जाळले, आणि त्या दंग्यांत पारनेर तालुक्यातली गावे होती. अठरा वर्षांत एवढा बदल होतो आणि त्याच्या आधी सारे काही गोडीगुलाबीचे होते, असे मानता येत नाही. फरक नेतृत्वाचा होता. अवधात तालुकदार होता, त्याच्याजवळ गढी, तोफ, माणसे होती आणि त्याने हाक दिली की गावे मागे जात. रयतवारीत शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये असा कोणी ठेवलेलाच नव्हता. इथल्या पाटील-देशमुखांजवळ मान होता, फौज नव्हती. रयतेला कर्ज होते ते सावकाराचे. म्हणून जेव्हा राग निघाला तेव्हा तो सावकारावर निघाला, कलेक्टर कचेरीवर नाही. रयतवारीचा हेतू बंड टाळण्याचा नव्हता, महसुलाचा होता. पण बंडासाठी जी एक मधली पायरी लागते ती तिने आपोआप काढून टाकली होती.

सरकारने या फटी ओळखल्या होत्या की त्या नशिबाने त्याला सापडल्या? पुष्कळशा नशिबाने सापडल्या. पण एक गोष्ट त्याने जाणून केली. डोंगरातल्या भिल्लांवर पाठवायला पलटणी नव्हत्या, त्या उत्तरेत गुंतल्या होत्या. तेव्हा १८५७ च्या अखेरीस कॅप्टन नटॉल याने राजूर-अकोल्याच्या महादेव कोळ्यांचीच एक फौज उभारली. जावजी नाईक बांबळे तिच्यातला प्रमुख माणूस होता. याच डोंगरांत राघोजी भांगऱ्याने सरकारला सळो की पळो केले होते आणि त्याला १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली होती. त्याला नऊ-दहा वर्षे झाली नाहीत तोच त्याच्या जातभाईंना सरकारी चाकरी मिळाली. भागोजी मागत होता ती गोष्ट, महिन्याचा पगार आणि हाताला काम, त्याच्या शेजाऱ्यांना मिळाली आणि ती त्याला पकडण्यासाठी मिळाली. डोंगरातली वाट जाणणारा माणूस आता दोन्ही बाजूंना होता. भागोजीचा मुलगा यशवंत संगमनेरजवळ जुलै १८५९ मध्ये मारला गेला. ११ नोव्हेंबरला सिन्नरच्या बाजूला मिठसागरे गावी फ्रँक सूटरच्या पोलिसांनी भागोजीला गाठले आणि तो बहुतेक साथीदारांसह लढत पडला. कोळ्यांची ती फौज काम संपल्यावर १८६१ मध्ये मोडून टाकली.

तिसरा आक्षेप अधिक जड आहे. दख्खन उठली असती तरी काय फरक पडला असता? तारायंत्र, समुद्रमार्गे येणारी कुमक, एनफील्ड बंदुका, शिखांची आणि गुरख्यांची मदत, हे सगळे कंपनीजवळ होतेच. दिल्ली तर सप्टेंबर १८५७ मध्ये पंजाबातल्या सैन्याने घेतली, दख्खनेशी तिचा संबंध नव्हता. हे मी मान्य करतो. दिल्लीपुरते ते खरे आहे. पण दिल्ली पडल्यावरही बंड वर्षभर चालले, आणि मध्य हिंदुस्थानातले जे चालले ते मोडायला फौज लागली ती मुंबई इलाख्यातून आली. सर ह्यू रोज याच्या ज्या सैन्याने मार्च-एप्रिल १८५८ मध्ये झाशी घेतली आणि पुढे काल्पी, ग्वाल्हेर जिंकले, त्यात पुण्याहून नगरमार्गे निघालेली तीच पंचविसावी देशी पलटण होती, चौदावे ड्रॅगून होते आणि चोविसावी देशी पलटणही होती. झाशीच्या राणीच्या किल्ल्यावर चढलेल्यांत मराठी बोलणारे शिपाई होते. जूनमध्ये या पलटणीला पुणे सोडता आले नसते, किंवा डिसेंबरात तिला कोल्हापूर-साताऱ्याकडे वळावे लागले असते, तर रोजकडे ही फौज नसती. तारेचेही तसेच. तार बातमी नेते, पलटण नेत नाही. वुडबर्न औरंगाबादेत अडकला तेव्हा तार काही करू शकली नाही.

मग दख्खनेतल्यांना एकत्र आणणारे कोणी नव्हते का? नाव होते. कानपूरला नानासाहेबांनी पेशवाईची गादी पुन्हा जाहीर केली होती, आणि पेशव्याचे नाव पुण्यात ऐकले जाईल म्हणून मुंबई सरकार धास्तावले होते. माणसेही येत-जात होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या वसंतात दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेला निघाले आणि महूच्या आसपास शिपायांकडून येऊ घातलेल्या बंडाची बातमी ऐकून पुढे गेले, हे त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे. म्हणजे बातमी वाटेवरच्या भिक्षुकालाही कळत होती. कमी होते ते बातमीला हुकमात बदलणारे कोणी. नानासाहेब आणि तात्या टोपे कानपूर-काल्पीत गुंतले होते. आपल्याच मुलुखात एक सरदार, एक पलटण, एक तारीख देऊन पाठवावी अशी उसंत त्यांना मिळाली नाही. तात्या अखेरीस निघाला, पण कधी? ग्वाल्हेर गेल्यावर, राणी पडल्यावर, राजपुताना-माळव्यात पाठलाग होत असताना. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस त्याने नर्मदा ओलांडली. नर्मदेच्या दक्षिणेला पेशव्याचा सेनापती आल्याचे ऐकून मुंबईपासून नागपूरपर्यंत अधिकारी हादरले. पण त्याच्याजवळ तोफा नव्हत्या, थकलेले स्वार होते, आणि १ नोव्हेंबरला व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा गावोगाव वाचला जात होता. कोल्हापूरची पलटण मोडलेली, सातारचा कट मोडलेला, नरगुंद संपलेले. ज्यांनी तात्याला जागा करून दिली असती ती माणसे आधीच उठून संपली होती. तात्या उत्तरेला परतला, पकडला गेला आणि १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी गेला. तेव्हाही भागोजी नाईक डोंगरात लढत होता. त्या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता.

विजेत्याने यातून काय शिकून घेतले ते पाहिले तर माझ्या मताला पुष्टी मिळते. लष्कराच्या फेरबांधणीसाठी नेमलेल्या पील कमिशनने १८५९ मध्ये बंगालमध्ये दोन देशी शिपायांमागे एक गोरा आणि मुंबई-मद्रासेत तिनांमागे एक असे प्रमाण सुचवले. थोडे अपवाद वगळता तोफखाना गोऱ्यांच्या हातात ठेवला गेला. याहून महत्त्वाचे म्हणजे तिन्ही इलाख्यांची लष्करे एक करावीत, त्याने खर्च वाचेल, हे कारभाराच्या दृष्टीने सरळ असूनही ती एक केली नाहीत. एका लष्करातली आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून ती वेगळी राहावीत, हे तेव्हा उघडपणे बोलले जाई. ती १८९५ मध्ये एक झाली. म्हणजे बंडानंतर छत्तीस वर्षे सरकार त्या एका गोष्टीला भीत राहिले, जी १८५७-५८ मध्ये दख्खनेत एकदाही घडली नव्हती.